लिव्हरमधली हायडॅटिड सिस्ट: सोनोग्राफीतले पडदे, डॉटर सिस्ट आणि सुईचा धोका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या पेशंट आणि नातेवाइकांचे आहेत, तसेच नव्याने सोनोग्राफी करू लागलेल्या डॉक्टरांचेही आहेत. एकाच पानावर दोघांसाठी लिहिल्यामुळे काही उत्तरं कुणाला जास्त तांत्रिक वाटतील. ती सोडून पुढे गेलात तरी चालेल, पण ८ वा प्रश्न सोडू नका.

१. सोनोग्राफीत ‘लिव्हरमध्ये हायडॅटिड सिस्ट’ असं आलंय. हे नेमकं काय असतं?

एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाच्या चपट्या कृमीच्या अळीने लिव्हरमध्ये तयार केलेली ही पाण्याने भरलेली पिशवी असते. पूर्ण वाढलेली कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहते आणि तिची लांबी जेमतेम काही मिलिमीटर असते. तिची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. नेहमीच्या साखळीत ती मेंढ्या, शेळ्या, गुरं यांच्या पोटात जातात आणि माणूस या साखळीत चुकून सापडतो. गिळलेल्या अंड्यातली अळी आतड्याची भिंत भेदून पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये पोचते. म्हणूनच सर्वांत जास्त सिस्ट लिव्हरमध्ये, त्यातही उजव्या भागात सापडतात. त्याखालोखाल नंबर फुफ्फुसाचा.

पिशवीला तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा थर आपल्याच लिव्हरने परक्या वस्तूभोवती बांधलेलं तंतुमय कुंपण असतो. त्याच्या आत परजीवीने स्वतः तयार केलेला, पेशी नसलेला, पापुद्र्यांचा पांढरट पडदा असतो. त्याच्याही आत अगदी पातळ असा जिवंत थर असतो. आतलं पाणी, नव्या अळ्यांची डोकी आणि डॉटर सिस्ट हे सगळं या शेवटच्या थरातून जन्माला येतं. हे तीन थर लक्षात राहिले की सोनोग्राफीतली जवळपास प्रत्येक खूण आपोआप उलगडते.

२. म्हणजे हा कॅन्सर आहे का?

नाही. हा परजीवीचा संसर्ग आहे. या कृमीची एक वेगळी जात आहे, एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. तिचा आजार लिव्हरमध्ये गाठीसारखा पसरत जातो आणि दिसतोही ट्यूमरसारखा. पण तो आजार वेगळा आणि त्याचे नियमही वेगळे. या पानावर त्याबद्दल काहीही नाही.

३. आमच्या घरी कधीच कुत्रा नव्हता. मग हे आलं कुठून?

अंडी कुत्र्याच्या अंगावरून हाताला लागतात, तशीच माती, पाणी आणि न धुतलेल्या भाज्यांमधूनही पोटात जातात. शिवाय सिस्ट फार हळू वाढते. आज दिसणारी आठ सेंटिमीटरची सिस्ट बहुधा काही वर्षांपूर्वीच्या, कधीकधी लहानपणीच्या संसर्गातून आलेली असते. त्यामुळे ‘कुठून आली’ याचा छडा सहसा लागत नाही आणि उपचारासाठी तो लागण्याची गरजही नसते. एका माणसाकडून दुसऱ्याकडे हा आजार जात नाही.

४. रिपोर्टमध्ये ‘सिस्टच्या आत पडदे दिसतात’ असं लिहिलंय. याचा अर्थ काय?

पडदे म्हणजे पहिल्या उत्तरातला परजीवीचा पापुद्र्यांचा थर आणि त्याला आतून चिकटलेला जिवंत थर. सिस्ट तरुण आणि ताणलेली असते तेव्हा हे पडदे बाहेरच्या कुंपणाला घट्ट टेकलेले असतात. मशीनवर नीट पाहिलं तर भिंतीत दोन उजळ रेघा आणि मध्ये बारीकशी काळी फट दिसते. हीच दुहेरी रेघ. साध्या सिस्टच्या भिंतीत ती नसते. पोटावरून नेहमीच्या प्रोबने ही रेघ बऱ्याचदा निसटते. सिस्ट वरवर असेल तर जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब लावून, फोकस भिंतीवर आणून पाहावं. बीम भिंतीवर सरळ काटकोनात पडला की रेघा उठून दिसतात आणि तिरका पडला की पुसट होतात. म्हणून भिंत एकाच जागी पाहून थांबू नये, चहूबाजूंनी फिरून पाहावी.

पुढे कधीतरी आतला दाब कमी होतो. सिस्ट जुनी झाल्यामुळे, औषधामुळे, मार लागल्यामुळे किंवा पित्तनलिकेत बारीक तोंड उघडल्यामुळे हे घडू शकतं. मग पडदा कुंपणापासून सुटतो आणि आतल्या पाण्यात नागमोडी पट्टीसारखा लोंबू लागतो. कधी तो पूर्ण सुटून तळाशी गोळा होतो. पेशंटला कुशीवर वळवलं की पडदा संथपणे हलतो. हलणारा, वळ्या पडलेला आणि कलर डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह अजिबात न दाखवणारा असा पडदा दिसला, तर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

आणखी एक खूण आहे, ती पाहिली तरच दिसते. पाण्यात अळ्यांची डोकी आणि बारीक कण वाळूसारखे तळाशी बसलेले असतात. पेशंटला उताण्याचा कुशीवर करून लगेच स्क्रीनकडे पाहिलं की बारीक ठिपके उधळून पुन्हा हळूहळू खाली बसताना दिसतात. पेशंटला न हलवता केलेल्या तपासणीत ही खूण मिळत नाही.

५. ‘डॉटर सिस्ट’ म्हणजे काय, आणि त्या असल्या तर काय फरक पडतो?

मोठ्या सिस्टच्या आत तयार झालेल्या लहान सिस्टना डॉटर सिस्ट म्हणतात. प्रत्येकीला स्वतःचे पडदे, स्वतःचं पाणी आणि स्वतःच्या अळ्या असतात. म्हणजे प्रत्येक डॉटर सिस्ट हा एक स्वतंत्र, बंद आणि जिवंत कप्पा असतो. उपचार ठरवताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते (प्रश्न ९ पाहा).

सोनोग्राफीत त्या दोन प्रकारे दिसतात. पहिल्या प्रकारात मोठी सिस्ट अनेक गोल कप्प्यांनी भरलेली असते. कप्पे एकमेकांना टेकले की त्यांच्या भिंती मिळून जाळी किंवा चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. इथेच रिपोर्टमध्ये ‘सेप्टा असलेली सिस्ट’ असं लिहिलं जातं. सेप्टा म्हणजे एका पोकळीला दुभागणारी एकच भिंत. इथे मात्र दोन गोल कप्पे पाठीला पाठ लावून बसलेले असतात. जोडाच्या टोकाशी नीट पाहिलं तर भिंत दुपेडी होऊन दोन वक्र रेघांमध्ये फाकते आणि मध्ये छोटा त्रिकोण सुटतो. तो त्रिकोण सापडला की ती डॉटर सिस्ट समजावी.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. इथे पडदे सडून आणि घडीवर घडी पडून मोठ्या सिस्टचा बराचसा भाग घट्ट, करड्या लगद्याने भरतो आणि त्यात एखाद-दुसरी, बारा-पंधरा मिलिमीटरची काळी गोल डॉटर सिस्ट रुतलेली असते. घाईत पाहिलं तर हा घट्ट ट्यूमर वाटतो, नाहीतर निकामी झालेली जुनी सिस्ट वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ती लहानशी काळी गोल जागा जिवंत असते.

६. रिपोर्टच्या शेवटी ‘सीई ३बी’ असं लिहिलंय. ही कसली पायरी?

ही पायरी नाही, सिस्टच्या रूपाचं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीत दिसणाऱ्या रूपांना ही नावं दिली आणि जगभर तीच वापरली जातात. त्याआधी १९८१ मध्ये घार्बी आणि सहकाऱ्यांनी केलेली वर्गवारी होती. जुन्या रिपोर्टांवर अजूनही ‘घार्बी टाइप’ लिहिलेलं आढळतं.

सीई १ म्हणजे दुहेरी रेघेची, एकच कप्पा असलेली, पाण्याने ताणलेली सिस्ट. सीई २ म्हणजे डॉटर सिस्टनी भरलेली. सीई ३ए मध्ये पडदा सुटून तरंगत असतो. सीई ३बी मध्ये घट्ट लगदा आणि त्यात डॉटर सिस्ट असतात. सीई ४ मध्ये फक्त लगदा, आत घडी पडलेले पडदे, एकही डॉटर सिस्ट नाही. सीई ५ ची भिंत चुन्याने जाड झालेली असते. पहिल्या दोन सक्रिय आणि शेवटच्या दोन बहुतेक निकामी मानतात. मधल्या दोघींचं नाव जवळपास सारखं असलं तरी स्वभाव अगदी वेगळा. ३ए औषधाला आणि योग्य सुईला चांगली दाद देते. ३बी चिवट असते आणि परत परत डोकं वर काढते. रिपोर्टात नुसतं ‘सीई ३’ लिहिलं असेल तर ए की बी हे विचारून घ्या.

अजून एक नाव दिसेल, ‘सीएल’. त्याचा अर्थ ‘पाण्याची सिस्ट आहे, पण हायडॅटिड म्हणावी अशी एकही खूण नाही’. बहुतेक सीएल साध्या सिस्टच निघतात.

७. साधी सिस्ट, लिव्हरचं गळू आणि हायडॅटिड यांत गल्लत कशी होते?

साध्या सिस्टची भिंत इतकी पातळ असते की वेगळी दिसतच नाही, आणि आत फक्त काळं पाणी. प्रश्न येतो तो साध्या सिस्टमध्ये रक्तस्राव झाला तर. मग आत फायब्रिनचे धागे दिसतात आणि ते पडद्यांसारखे भासतात. पण ते तुटक, वेडेवाकडे असतात. दुहेरी रेघ नसते आणि काही आठवड्यांनी पाहिलं तर चित्र बदललेलं असतं.

गळवाशी होणारी गल्लत जास्त धोकादायक आहे, कारण गळू म्हटलं की हात सुईकडे जातो. गळवाची भिंत जाड, ओबडधोबड असते आणि आतला पू दाटसर, ढगाळ दिसतो. पेशंटला ताप असतो, प्रोबने दाबलं की तो कळवळतो, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. शांत बसून बोलणारा, ताप नसलेला पेशंट आणि रिपोर्टात मात्र मोठं गळू, अशी जोडी दिसली की सुई बाजूला ठेवून प्रोब पुन्हा हातात घ्यावा.

लिव्हरमध्ये पित्तनलिकेपासून होणारा, सेप्टा असलेला सिस्टिक ट्यूमरही असतो, तो मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांमध्ये. त्याच्या सेप्ट्यांमध्ये डॉप्लरवर रक्तप्रवाह सापडू शकतो. हायडॅटिडच्या पडद्यांत तो कधीच नसतो. तरीही उलगडा होत नसेल तर एमआरआय करावा. पडदे आणि डॉटर सिस्ट दाखवण्यात तो सीटीपेक्षा सरस आहे. चुना आणि हवा शोधायला मात्र सीटी बरा.

८. सुई टाकून थोडं पाणी काढायचं आणि तपासायला पाठवायचं. एवढं सोपं असताना डॉक्टर नको का म्हणतात?

कारण जिवंत हायडॅटिड सिस्ट दाबाखाली असते. सुईने भोक पडलं आणि सुई काढली की पाणी त्या भोकातून बाहेर येतं, आणि मग दोन वेगवेगळे धोके सुरू होतात. एकाला काही मिनिटं लागतात, दुसऱ्याला काही वर्षं.

पहिला धोका अ‍ॅलर्जीचा. सिस्टमधलं पाणी परजीवीच्या प्रथिनांनी भरलेलं असतं. वर्षानुवर्षं ती थोडीथोडी रक्तात झिरपून काही पेशंटांचं शरीर त्यांच्यासाठी आधीच संवेदनशील झालेलं असतं. हेच पाणी एकदम पोटात किंवा रक्तात गेलं तर अंगावर गांधी उठणं, चेहरा लाल होणं, धाप लागणं, घशात आवळल्यासारखं वाटणं, रक्तदाब कोसळणं हे सगळं काही मिनिटांत घडू शकतं. याला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. इथे आकडा सांगायला हवा, कारण भीती अवास्तव वाढवण्यातही अर्थ नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हायडॅटिड सिस्टवर सुईने केलेल्या ५,९४३ उपचारांची नोंद तपासली गेली. त्यात अ‍ॅनाफायलॅक्सिसने झालेले मृत्यू २ होते आणि उपचाराने बरी झालेली रिअ‍ॅक्शन सुमारे १.७ टक्के. पण हे सगळे तयारीने केलेले उपचार होते. काय टोचतोय हे डॉक्टरला माहीत होतं, सलाइनची सुई लावलेली होती, अ‍ॅड्रिनलिन हाताशी होतं. गळू समजून बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावर घातलेल्या सुईला हे आकडे लागू होत नाहीत.

दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो त्या दिवशी दिसतच नाही. पाण्यात अळ्यांची हजारो डोकी असतात. त्यातली जिवंत डोकी पोटाच्या पोकळीत, लिव्हरच्या पृष्ठभागावर किंवा सुईच्या वाटेवर पडली तर त्यातल्या प्रत्येकात नवीन सिस्ट होण्याची क्षमता असते. पेशंट त्या संध्याकाळी ठणठणीत घरी जातो. काही वर्षांनी पोट फुगतं आणि सोनोग्राफीत आतड्यांच्या आसपास, ओटीपोटात, पोटाच्या भिंतीत अनेक सिस्ट सापडतात. लिव्हरमधल्या एका सिस्टचा आजार आता पोटभर पसरलेला असतो आणि तो एका ऑपरेशनने संपत नाही.

तिसरी गोष्ट धोक्याची नाही, फायद्याची आहे, किंवा फायदा नसण्याची. पडदे आणि डॉटर सिस्ट स्पष्ट दिसत असतील तर सोनोग्राफीनेच निदान झालेलं असतं. मग सुईने नवीन काहीच कळत नाही. फक्त धोका पदरात पडतो.

९. पण माझ्या ओळखीच्या एकाची हायडॅटिड सिस्ट सुईनेच बरी केली. मग सुई वाईट कशी?

सुई वाईट नाही, बेसावध सुई वाईट. तुमच्या ओळखीच्यांवर बहुधा ‘पेअर’ केलं असेल. टोचणं, पाणी ओढणं, जंतुनाशक द्रव आत सोडणं आणि तो परत ओढून घेणं असा त्याचा क्रम असतो. ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ही पद्धत आणली.

बेसावध सुईपेक्षा ती काय वेगळी, ते पायरीपायरीने पाहा. टोचण्याच्या किमान चार तास आधी अल्बेंडाझोल या कृमीनाशक औषधाचा डोस दिलेला असतो आणि पुढे निदान महिनाभर ते चालू राहतं, म्हणजे सांडलेली अळी तग धरू नये. सुई थेट पोटाच्या भिंतीतून सिस्टमध्ये घालत नाहीत. वाटेत लिव्हरचा जाड थर येईल अशा बाजूने घालतात, म्हणजे भोकातून काही झिरपलं तरी लिव्हरच्या पेशी ते अडवतात. सिस्ट लिव्हरच्या पृष्ठभागावर फुगून आलेली असेल तर असा थर मिळत नाही आणि पेअर करत नाहीत. सुई आत गेल्यावर सर्वांत आधी पाणी ओढून दाब उतरवतात. मग ओढलेल्या पाण्यात पित्त आहे का ते लगेच तपासतात. पित्त सापडलं तर सिस्ट पित्तनलिकेशी जोडलेली आहे असा अर्थ होतो, आणि मग आत काहीच सोडायचं नाही. २० टक्के मिठाचं द्रावण किंवा ९५ टक्के अल्कोहोल पित्तनलिकांत गेलं तर त्या कायमच्या आक्रसतात. पित्त नसेल तर द्रव सोडून साधारण पंधरा मिनिटं ठेवतात आणि परत ओढतात. या वेळी पडदा भिंतीपासून सुटून तरंगताना स्क्रीनवर दिसतो. म्हणजे एरवी आजाराची खूण असलेलं चित्र इथे उपचार लागू पडल्याचं दाखवतं.

पेअर चालतं ते सीई १ आणि सीई ३ए मध्ये, विशेषतः सिस्ट पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असताना. त्याहून लहान असेल तर आधी नुसतं औषध देऊन पाहतात. डॉटर सिस्ट असलेल्या सीई २ आणि ३बी मध्ये ते चालत नाही. प्रत्येक डॉटर सिस्ट बंद कप्पा असल्यामुळे एका सुईने एकच कप्पा रिकामा होतो आणि द्रवही तिथेच राहतो. बाकीच्या तशाच जिवंत राहतात, मुख्य सिस्टचा दाब उतरल्यावर त्यांना वाढायला जागाच मिळते. अशा वेळी ऑपरेशन, नाहीतर अनुभवी केंद्रात जाड नळीने आतले पडदे आणि डॉटर सिस्ट ओढून काढण्याची पद्धत वापरतात.

१०. एखादं उदाहरण घेऊन सांगाल का? नुसतं नियमांवरून डोळ्यांसमोर येत नाही.

समजा ३४ वर्षांची एक स्त्री आहे. दोन महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली जडपणा, ताप नाही, भूक ठीक. पहिला रिपोर्ट असा: ‘लिव्हरच्या उजव्या भागात ८६ × ७४ × ७० मिलिमीटरचं, आत कचरा असलेलं गळू. सुईने पू काढावा.’ या मापांवरून आतला ऐवज साधारण २३० मिलिलिटर भरतो.

सुई घालण्याआधी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी नॉर्मल, सीआरपी नॉर्मल. एवढं मोठं गळू आणि रक्तात काहीच हालचाल नाही, हे जुळत नाही. म्हणून दुसऱ्यांदा प्रोब लावला, या वेळी गेन थोडा कमी करून. जो ‘कचरा’ वाटला होता त्यात वळ्या पडलेल्या समांतर रेघा निघाल्या. डाव्या कुशीवर वळवल्यावर वरची एक रेघ डुलली. कलर डॉप्लर कोरा. आता गळवाचा विषय संपला, हा सुटलेला पडदा आहे.

इथे थांबलं असतं तर सिस्टला सीई ३ए म्हटलं असतं, आकार पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा म्हणून पेअरचा सल्ला गेला असता, आणि तोही चुकीचा ठरला असता. कारण मागच्या भिंतीजवळचा भाग बरगडीच्या सावलीत होता. श्वास आत रोखायला सांगून, बरगड्यांच्या मधून प्रोब तिरका लावल्यावर तिथे घट्ट करडा लगदा दिसला आणि त्यात १२ ते १८ मिलिमीटरच्या तीन काळ्या गोल डॉटर सिस्ट. त्यांतल्या एकीच्या भिंतीत दुहेरी रेघ. म्हणजे सीई ३बी.

पुढे पित्तनलिका मोजली, ती फुगलेली नव्हती. प्लीहा, किडन्या आणि ओटीपोट पाहिलं, छातीचा एक्स-रे काढला. लिव्हरमध्ये एक सिस्ट सापडली की दुसरीकडे आणखी एखादी नाही ना, हे पाहणं त्याच तपासणीचा भाग आहे. मग अल्बेंडाझोल सुरू करून पेशंट लिव्हरच्या सर्जनकडे गेली. चित्र एकाच सिस्टचं, पण सल्ला दोनदा बदलला: आधी पू काढा, मग पेअर करा, शेवटी ऑपरेशन.

११. रक्ताची हायडॅटिड तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे हायडॅटिड नाही ना?

असं म्हणता येत नाही. सीई १ मध्ये पडदे शाबूत असतात, त्यामुळे परजीवीची प्रथिनं रक्तात फारशी पोचतच नाहीत आणि शरीर अँटिबॉडी बनवत नाही. सीई ४ आणि ५ मध्येही निगेटिव्ह येऊ शकते. इओसिनोफिल वाढलेले नसणं हा तर अजिबात भरवशाचा पुरावा नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती निदानाला बळ देते. पण पडदे डोळ्यांनी दिसत असताना निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून सुई घालू नये.

१२. गळू समजून सुई घातली आणि पुवाऐवजी पाण्यासारखं स्वच्छ द्रव आलं. आता?

हा प्रश्न डॉक्टरांकडूनच येतो, आणि तोही सहसा घाबऱ्याघुबऱ्या फोनवर. पहिली प्रतिक्रिया सुई झटकन बाहेर काढण्याची असते. तेच करू नये. सुई काढली की दाबाखालचं पाणी भोकातून पोटात सुटतं. सुई जागेवर धरून, सोनोग्राफीत टोक पाहत, पाणी ओढत राहावं आणि दाब उतरवावा. बरोबरच कुणालातरी सलाइन लावायला, रक्तदाब मोजत राहायला आणि अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवायला सांगावं. गांधी, धाप किंवा रक्तदाब घसरणं यातलं काही दिसलं तर प्रौढाला अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या स्नायूत लगेच द्यावं. अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइड ही त्यानंतरची औषधं, अ‍ॅड्रिनलिनऐवजी देण्याची नव्हेत.

पित्त तपासल्याशिवाय आत काहीही सोडू नये (कारण प्रश्न ९ मध्ये आहे). काढलेलं पाणी फेकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवावं. अळ्यांची डोकी किंवा आकडे दिसले की निदान पक्कं. अल्बेंडाझोल त्याच दिवशी सुरू करावं, पेशंटला निदान रात्रभर नजरेखाली ठेवावं आणि काय घडलं ते डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहावं. पुढे पाच वर्षांनी पोटात सिस्ट दिसली तर तेव्हाच्या डॉक्टरला याच ओळीवरून कारण कळेल.

१३. हायडॅटिड आहे आणि आता ताप किंवा कावीळ झालीये. तरीही सुई नकोच?

ताप आला तर सिस्टमध्ये जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा ती खरोखरच गळवासारखी दिसते आणि वागते, आत हवेचे बुडबुडेही दिसू शकतात. अशा वेळी पू काढावाच लागतो. मात्र तो माहीत असून, तयारीने आणि नळी ठेवून काढायचा.

कावीळ म्हणजे बहुधा सिस्ट पित्तनलिकेत फुटली आहे. मुख्य पित्तनलिका फुगलेली आणि तिच्यात पडद्याचे तुकडे लांबट, सावली न पाडणाऱ्या रेघांसारखे दिसतात. खडे सहसा सावली पाडतात, हा फरक लक्षात ठेवावा. इथे आधी एंडोस्कोपीने, म्हणजे ईआरसीपी करून, नलिका मोकळी करतात. थंडी वाजून ताप आणि सोबत कावीळ असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

१४. गर्भवती असताना सापडली तर?

बहुतेक वेळा बाळंतपणापर्यंत फक्त लक्ष ठेवता येतं. अल्बेंडाझोल, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, देत नाहीत. गर्भधारणेची शक्यता असलेल्या कुणालाही ते सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करावी.

१५. माझी सीई ४ आहे. डॉक्टर म्हणाले काहीच करायचं नाही. हे बरोबर आहे का?

आपोआप सीई ४ किंवा ५ झालेली, त्रास न देणारी सिस्ट असेल तर बरोबर आहे. तिला औषधही लागत नाही आणि सुई तर नकोच. फक्त एक खात्री करून घ्या: लगद्यात एकही डॉटर सिस्ट नाही हे जाणीवपूर्वक पाहिलं गेलंय का? १० व्या प्रश्नातल्या सिस्टला एक बाजू न पाहता कुणीही सीई ४ म्हणू शकलं असतं. भिंतीवर थोडा चुना दिसला म्हणून ‘मेलेली सिस्ट’ असंही समजू नये. जिवंत सिस्टच्या भिंतीतही चुना असू शकतो.

१६. तीन महिने अल्बेंडाझोल घेतलं, तरी सोनोग्राफीत सिस्ट तेवढीच आहे. औषध लागू पडलं नाही का?

माप हा या आजारातला कमकुवत निकष आहे. आत काय बदललं ते पाहावं. पडदा सुटला का, पाणी कमी होऊन लगदा वाढला का, डॉटर सिस्ट मिटल्या का? आकार तोच राहून सीई १ ची ३ए किंवा ४ झाली असेल तर औषध काम करतंय. म्हणून जुन्या रिपोर्टसोबत जुने फोटोही घेऊन जा, नुसत्या मापांवरून तुलना होत नाही.

औषधाचा नेहमीचा डोस प्रौढांना ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतो आणि तो स्निग्ध जेवणासोबत घ्यायचा. रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. चालू असताना लिव्हरच्या तपासण्या आणि रक्तपेशी मोजत राहावं लागतं, कारण ते कधीकधी दोन्हींवर परिणाम करतं.

औषध थांबल्यावरही सोनोग्राफी सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा, अशी निदान पाच वर्षं करत राहतात. औषधाने सीई ४ झालेल्या सिस्टच्या लगद्यात काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा एखादी काळी गोल जागा दिसू शकते, आणि तेव्हा ती परत सीई ३बी धरायची असते. आपोआप झालेल्या सीई ४ मध्ये हे सहसा घडत नाही. त्यामुळे ‘सीई ४ आहे’ एवढंच सांगून भागत नाही, ती औषधाने झाली की मुळातच तशी होती हेही सोनोग्राफी करणाऱ्याला सांगा.